पशुऔषधाचं आणि खाद्यपूरकाचं पाकीट फोटोवरून कसं वाचायचं

फोटो पाहून औषध अस्सल आहे असं प्रमाणपत्र कुणीच देऊ शकत नाही. फोटोतून एवढंच कळतं की पाकिटावर छापलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळतात की भांडतात. पण नीट काढलेल्या पाचसहा फोटोंत हे भांडण बऱ्याचदा उघड दिसतं, आणि गाईला सुई टोचण्याआधी दिसलं तर त्याचा उपयोग होतो.

पुणे जिल्ह्यात पशुऔषधांच्या व्यवसायात असल्यामुळे शिरूर, दौंड, इंदापूर, मंचरकडून माझ्या फोनवर असे फोटो सतत येतात. अर्धं लेबल, त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा चट्टा आणि खाली प्रश्न, "साहेब, ओरिजिनल आहे ना?" या लेखात फोटो पाठवणाऱ्यासाठीही सांगितलं आहे आणि गावातल्या ज्या जाणत्या माणसाकडे असे फोटो येतात त्याच्यासाठीही.

आधी ठरवा, हातात आहे ते औषध की खाद्य

बहुतेक गोंधळ इथेच होतो. "यावर लायसन्स नंबरच नाही, म्हणजे डुप्लिकेट," असं म्हणत लोक मिनरल मिक्श्चरची पिशवी परत करतात. आणि ज्या पाकिटावर नंबर असायलाच हवा होता, ते मात्र विनातक्रार वापरतात.

इंजेक्शन, बोलस, कासेत सोडायची ट्यूब, जंताचं औषध, लस ही सगळी औषधं. त्यांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो. लेबलवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि मुदत हे चारही असायलाच हवेत. शिवाय जनावराच्या औषधावर पाळीव प्राण्याच्या डोक्याचं चित्र आणि "Not for human use, for animal treatment only" हे वाक्य असतं. फोटोत मी सर्वांत आधी ते चित्र शोधतो, कारण ते लहान असलं तरी धूसर फोटोतही ओळखू येतं.

आयुर्वेदिक पाचक चूर्ण किंवा दूधवाढीचं द्रावण यांचा परवाना वेगळा, २५-डी नमुन्यातला. लेबलवर ते आयुर्वेदिक असल्याचं लिहिलेलं असतं. अशा बाटलीच्या घटकांत एखादं अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड दिसलं, तर नंबर कितीही सुबक छापलेला असो, ती बाटली बाजूला ठेवा.

मिनरल मिक्श्चर, व्हिटॅमिनची पूड, पाजायच्या कॅल्शियमचा पाच लिटरचा कॅन हे बहुतेक वेळा खाद्यपूरक म्हणून विकलं जातं. त्यावर औषधाचा परवाना नसतो, आणि नसला म्हणून माल खोटा ठरत नाही. त्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन, घटकांचं प्रमाण, उत्पादनाचा महिना-वर्ष, किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क हे पाहायचं. आयएसआय चिन्ह असेल तर चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो (मिनरल मिक्श्चरसाठी IS 1664, गाईगुरांच्या तयार खाद्यासाठी IS 2052) आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना. चिन्ह असेल तर ते खरं असायला हवं. तपासायचं कसं ते पुढे येईल.

खरी अडचण मधल्या पाकिटांची असते. समोर मोठ्या अक्षरांत "फीड सप्लिमेंट" आणि मागे बारीक अक्षरांत "मस्टायटिस बरा करते" किंवा "कोंबड्यांची मर थांबवते". रोग बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा केला की कायद्याच्या नजरेत ती वस्तू औषध होते, मग परवाना कुठे आहे? म्हणून घटकांच्या तक्त्याचा फोटो पुढच्या चित्राहून महत्त्वाचा. ब्रॉयलरवाल्यांनी त्या तक्त्यात एक शब्द मुद्दाम शोधावा: Colistin. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी आणि खाद्यपूरकांत कोलिस्टिनचं उत्पादन आणि विक्री केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केली. पोल्ट्री पूरकाच्या पाकिटावर ते नाव आणि त्यानंतरची उत्पादन तारीख एकत्र दिसली, तर आणखी काही तपासायची गरज उरत नाही.

फोटो कसे काढायचे

सील उघडण्याआधी काढा. उघडल्यावर काढलेल्या फोटोला दुकानदार हमखास म्हणतो, "तुम्हीच उघडलंय."

दुपारच्या उन्हात नको, ट्यूबलाइटखालीही नको. ओट्यावर, दारातून बाजूने उजेड येईल असं पाकीट ठेवा. फ्लॅश बंद. चमकत्या फॉइलवर फ्लॅश मारला की बॅच नंबर नेमका त्या पांढऱ्या ठिपक्याखाली जातो. फोन फार जवळ नेऊ नका, एका वितीवरून काढा आणि अक्षरांवर बोट टेकवून फोकस धरा. गोठ्यात खिशातून काढलेल्या फोनच्या लेन्सवर हमखास घाम-तेल असतं, तेव्हा आधी लेन्स पुसा.

गोल बाटलीचं लेबल एका फोटोत मावत नाही. बाटली थोडी थोडी फिरवत तीन-चार फोटो काढा, आधीच्या फोटोतली कडेची दोन-तीन अक्षरं पुढच्या फोटोतही यायला हवीत. तसं नसेल तर मधली ओळ सुटली की नाही हे मला कळतच नाही.

गोळ्यांच्या पट्टीच्या कडेवर किंवा ट्यूबच्या चपट्या टोकाला नंबर शाईने छापलेला नसतो, दाबून उमटवलेला असतो. समोरून पाहिलं तर तिथे काहीच दिसत नाही. दुसऱ्या फोनची टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून आडवी धरा, म्हणजे सावली पडून अक्षरं उठतात.

खोका आणि आतली बाटली यांचे फोटो वेगवेगळे, शिवाय दोन्ही शेजारी ठेवून एक. हा एकत्र फोटो पुढच्या उदाहरणात कामाला येईल. बिलाचाही एक फोटो.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपमध्ये डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोसारखं पाठवलं की अ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि 3 चा 8 होतो. स्क्रीनशॉट किंवा दुसऱ्या ग्रुपवरून फिरून आलेला फोटो असेल तर मी वाचायला नकारच देतो.

आणि नंबर नीट दिसावा म्हणून तो स्पिरिटने पुसू नका. छपाईची शाई निघू शकते. ती निघाली म्हणून माल खोटा ठरत नाही, पण पुरावा मात्र जातो.

परवाना क्रमांक वाचताना

औषधाच्या लेबलवर तो "Mfg. Lic. No." किंवा "M.L." या अक्षरांपुढे असतो. पत्ते मात्र अनेकदा दोन असतात: एक बनवणाऱ्याचा, "Mfd. by", आणि एक विकणाऱ्या कंपनीचा, "Mktd. by". परवाना बनवणाऱ्याचा असतो. ठळक नाव पुण्यातल्या कंपनीचं आणि परवाना हिमाचलचा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. बरीच औषधं दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेतली जातात. पण बनवणाऱ्याचा पत्ता गुजरातचा आणि नंबर हिमाचलच्या धाटणीचा, असं दिसलं की थांबायचं.

नंबरची धाटणी प्रत्येक राज्याची वेगळी. गुजरातचे नंबर बऱ्याचदा G ने सुरू होतात, हिमाचलच्या नंबरांत MB किंवा MNB दिसतं. हे पाठ करायची गरज नाही. त्याच कारखान्याचं दुसरं एखादं औषध, ज्याच्या बाबतीत शंका नाही, दुकानात शोधा आणि दोन्हींवरचा नंबर शेजारी ठेवून पाहा. एकाच कारखान्याकडे एकाहून अधिक परवाने असू शकतात, साध्या औषधांचा २५ नमुन्यातला आणि लस व बऱ्याच इंजेक्शनांसाठी २८ नमुन्यातला, म्हणून आकडा वेगळा दिसला तर लगेच निकाल देऊ नका. धाटणी तरी एक हवी.

दोन नंबर लोक हमखास परवाना समजतात. एक, बिलावरचा २०, २१ किंवा २०बी, २१बी असलेला नंबर. तो दुकानाचा विक्री परवाना. तो असायलाच हवा, पण त्यावरून बाटलीतल्या औषधाबद्दल काही कळत नाही. दुसरा, चौदा आकडी एफएसएसएआय नंबर. तो माणसांच्या अन्नपदार्थांच्या व्यवसायाचा. जंताच्या औषधावर तेवढाच एक नंबर असेल तर परवाना नाही असंच धरा.

खाद्यपूरकावरचा CM/L नंबर तपासणं त्यामानाने सोपं. फोनवर BIS Care हे अ‍ॅप घ्या, परवाना तपासण्याच्या जागी नंबर टाका. कंपनीचं नाव, पत्ता, कोणत्या मालासाठी परवाना आहे आणि तो चालू आहे का, हे सगळं समोर येतं. "नंबर खरा आहे" एवढं पाहून अ‍ॅप बंद करू नका. तो नंबर त्याच कंपनीच्या पशुखाद्याचा, IS 2052 चा निघू शकतो आणि छापलेला असतो मिनरल मिक्श्चरच्या पिशवीवर. मग त्या पिशवीतल्या मालाला त्या चिन्हाचा काही आधार नाही.

बॅच आणि तारखा: एक उदाहरण

शिरूर तालुक्यातल्या एका दूध उत्पादकाने एप्रिल २०२५ मध्ये ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या ३० मिलीच्या इंजेक्शनचे फोटो पाठवले. औषध ओळखीच्या दुकानातलं, बिलासह. नंबर मी इथे बदलून देतो आहे.

खोक्यावर बॅच OL2308, उत्पादन 08/2023, मुदत 07/2025. बाटलीच्या फोटोत बॅच OL230 इथवर स्पष्ट होती, शेवटचा आकडा लेबलच्या वळणावर गेलेला. त्यांनी तो 8 वाचला, कारण खोक्यावर 8 होता. माणसाचा डोळा असाच चालतो, जे आधी वाचलं तेच पुढे दिसतं. म्हणून मी बॅच नेहमी आधी बाटलीची वाचतो आणि कागदावर लिहून ठेवतो, खोका त्यानंतर.

बाटली फिरवून पुन्हा फोटो मागवले, दारातल्या उजेडात, डॉक्युमेंट म्हणून. आकडा 3 निघाला. त्याच फोटोत तारखाही आल्या: उत्पादन 03/2023, मुदत 02/2025.

आता दोन्ही वेगवेगळं तपासू. खोक्यावर ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२५, म्हणजे चोवीस महिने. बाटलीवर मार्च २०२३ ते फेब्रुवारी २०२५, तेही चोवीसच. परवाना दोन्हींवर एकच, पत्ता एकच. म्हणजे खोका आपल्या जागी बरोबर, बाटली आपल्या जागी बरोबर, फक्त ही बाटली या खोक्यातली नव्हे. लेबलवरच्या कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं की दोन्ही बॅच त्यांच्याच आणि दोन्ही ३० मिलीच्या.

इथे काहीच नकली नव्हतं. दुकानात बाटल्या खोक्यातून काढून मांडल्या आणि परत भरताना अदलाबदल झाली असेल, किंवा कुणी जुनी बाटली मुद्दाम नव्या खोक्यात घातली असेल. यातलं कोणतं हे फोटो सांगत नाही आणि मीही सांगितलं नाही. पण अशा वेळी शब्द बाटलीचा चालतो, खोक्याचा नाही. मुदत महिना-वर्षात दिलेली असेल तर ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत असते, म्हणजे ही बाटली २८ फेब्रुवारी २०२५ लाच संपलेली. बिलावर बॅच OL2308 लिहिलेली होती, त्यामुळे "तुम्हाला हीच बाटली दिली नव्हती" असं दुकानदार म्हणू शकला असता. सील न उघडता खोका, बाटली आणि बिल एकत्र काढलेला फोटो होता म्हणून वाद झाला नाही. त्याने बाटली परत घेतली. गाईला डॉक्टरांनी येऊन दुसरं औषध दिलं.

बॅच वाचताना फसवणारी अक्षरं ठरलेली असतात: 8, B आणि 3, 0, O आणि D, 5 आणि S, 1, I आणि 7. शंका असेल तिथे अंदाजाने आकडा लिहू नका, प्रश्नचिन्ह लिहा. आणि उत्पादन ते मुदत हे अंतर, पहिला आणि शेवटचा महिना दोन्ही धरून, मोजाच. ते सहसा पूर्ण महिन्यांचं, चोवीस किंवा छत्तीस असं असतं. सत्तेचाळीस महिने आले तर एक आकडा तुम्ही चुकीचा वाचलाय किंवा कुणीतरी बदललाय. तारखेवर चिकटवलेला किमतीचा स्टिकर दिसला तर तो सोलू नका, तसाच फोटो काढा.

बॅच हाती आली की केंद्रीय औषध नियंत्रक संस्थेच्या cdsco.gov.in या संकेतस्थळावर दर महिन्याला निघणारी दर्जात न बसलेल्या औषधांची यादी पाहा. त्यात औषधाचं नाव, बॅच, तारखा आणि उत्पादक दिलेला असतो. त्या यादीत नंबर नाही म्हणजे माल चांगला असा अर्थ मात्र काढू नका. तपासणीला गेलेल्या नमुन्यांचीच ती यादी आहे.

सील फोटोत कसं दिसतं

इंजेक्शनच्या बाटलीला ॲल्युमिनियमची पट्टी आणि वर प्लास्टिकची टोपी असते. एक फोटो सरळ वरून, एक तिरका. पट्टीची खालची कड बाटलीच्या गळ्याभोवती सगळीकडे सारखी वळलेली हवी. एका बाजूला ती सुटलेली, पक्कडीने दाबल्यासारखी खरचटलेली दिसली तर बाटली उघडून पुन्हा बंद केलेली असू शकते. टोपी निघालेली असेल तर रबरावर सुईचं भोक आहे का ते पाहा. पट्टी बोटाने फिरते का हे फोटोत कळत नाही, त्यासाठी दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवा.

द्रावणाच्या बाटलीत टोपणाखालचं कडं पाहायचं. कडं आणि टोपण जोडणारे बारीक पूल अखंड हवेत.

खाद्याच्या पोत्यात शिलाई बघा. पुन्हा शिवलेल्या पोत्यात धाग्याच्या ओळीशेजारी रिकाम्या भोकांची जुनी ओळ दिसते. उजेडाकडे धरून फोटो काढला की ती लगेच कळते. पूड भरलेल्या लहान पाकिटावर एकावर एक दोन तिरक्या सीलच्या रेघा दिसल्या तर तीच शंका.

लसीबद्दल फोटोचा भरवसा सर्वांत कमी. लाळ्या-खुरकताची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी आणि गोठायला नको. सील, बॅच, परवाना सगळं निर्दोष असलेली बाटली मोटारसायकलच्या डिकीत दोन तास राहिली असेल, तर ते कोणत्याही फोटोत दिसणार नाही. लसीच्या बाबतीत ती कशात आणली हेच विचारा.

लेबलवरच्या आणखी दोन ओळी

"Govt. supply, not for sale" किंवा नमुना असल्याचा शिक्का असलेली बाटली पैसे घेऊन विकता येत नाही. अशी बाटली बिलाशिवाय मिळाली असेल तर मूळ कुठलं हे विचारायलाच हवं.

दुसरी ओळ औषध दिल्यानंतर दूध, अंडी किंवा मांस किती दिवस विकायचं नाही त्याची. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांच्या औषधावर ती सक्तीची आहे. त्या जनावरासाठी खास कालावधी तपासून ठरवलेला नसेल, तर दूध-अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस, असा नियम आहे. डेअरीवर दूध अँटिबायोटिकसाठी नाकारलं जातं तेव्हा अनेकदा ही ओळ वाचलेली नसते. खोक्यावर ती नसेल तर आतल्या घडीच्या कागदाचा फोटो काढा.

शंका पक्की वाटली तर

औषध वापरणं थांबवा, जनावराला आधीच दिलं असेल तर डॉक्टरांना बॅचसह सांगा. डॉक्टर मिळत नसतील तर १९६२ हा पशुसंवर्धनाचा क्रमांक आहे. मग कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर बॅच, पॅकचं माप आणि तारखा सांगून विचारा. "ही बॅच तुमची का?" एवढंच विचारू नका, "या बॅचची मुदत काय आणि ती कोणत्या मापात निघाली?" असं विचारा. नकली माल बनवणारे खरी बॅचच छापतात, पण माप आणि मुदत जुळवताना चुकतात.

औषध असेल तर तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, टोल फ्री १८००-२२२-३६५. तिथे फोटो पुरत नाही, औषध निरीक्षकाला माल लागतो. बाटली, खोका, आतला कागद आणि बिल एकाच पिशवीत, लेबलवर लिहिलेल्या तापमानात ठेवा. बाटली उघडलेली असेल तर उरलेलं औषध दुसऱ्या बाटलीत काढू नका. कायद्याच्या कलम २६ नुसार विकत घेणारा माणूस स्वतःही ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. ब्रॉयलरच्या शेडमध्ये पूरक दिल्यावर मर सुरू झाली असेल, तर पाकिटासोबत नुकत्याच मेलेल्या पक्ष्यांचंही निदान करून घ्यावं लागतं. त्यासाठी पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. तिथे न्यायचे पक्षी बर्फावर ठेवून त्याच दिवशी न्या. सडलेल्या पक्ष्यातून निदान निघत नाही.